पेटीवरचं नाव, पाटीवरचं नाव, चेकवरचं नाव: नाशिकमधलं एक प्रकरण

सातपूर औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या पेट्या बनवणारा एक छोटा कारखाना. मालक एकच, हिशेबाला अर्धवेळ माणूस. द्राक्षाच्या हंगामात त्यांनी दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसला ५ किलोच्या ६,००० पेट्या दिल्या. पेटीला ४० रुपये, म्हणजे कर सोडून २,४०,००० रुपयांचा माल. ५०,००० रुपये आगाऊ बँकेत जमा झाले होते, उरलेल्या रकमेचा करासकट चेक मिळाला. चेक बँकेत टाकला आणि खात्यात पुरेशी रक्कम नाही असा शेरा घेऊन तो परत आला. बँकेची स्लिप हातात पडली ती ४ मार्चला.

चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते, नाहीतर नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खालची, चेक न वटल्याची फौजदारी तक्रार उभीच राहत नाही. इथे शेवटचा दिवस ३ एप्रिल. प्रश्न साधा वाटत होता: नोटीस कुणाच्या नावाने काढायची?

प्रसंग नेहमी घडणाऱ्या व्यवहारांवरून बेतलेला आहे. कुणाचं खरं नाव यायला नको म्हणून प्रत्येक नाव जिथे दिसलं त्या जागेवरूनच त्याला ओळखू. जागा पाच होत्या. पेटीवर छापायला दिलेला ब्रँडचा शब्द, त्याच्या डोक्यावर बारीक ™. पॅकहाउसच्या पाटीवर तोच शब्द आणि पुढे ‘अ‍ॅग्रो एक्स्पोर्ट्स’. वेबसाइटवर तोच शब्द आणि पुढे ‘ग्रुप’. आगाऊ रक्कम आली त्या बँक नोंदीत तोच शब्द आणि शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’. आणि चेकवर पुन्हा पाटीवरचंच नाव, सहीच्या खाली छापलेला ‘प्रोप्रायटर’.

पहिली चूक

हिशेबनिसाने ब्रँडचा शब्द आणि ‘नाशिक’ असं शोधलं. वर नकाशावरची नोंद, खाली वेबसाइट आणि तिसऱ्या ओळीत कंपन्यांची माहिती गोळा करणाऱ्या एका खासगी साइटचं पान. त्या पानावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं पूर्ण नाव, सीआयएन हा कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, गंगापूर रोडवरचा नोंदणीकृत पत्ता आणि दोन संचालक. दोघांचंही आडनाव पॅकहाउसच्या मालकाचंच. शब्द जुळला, शहर जुळलं, आडनाव जुळलं, वर आगाऊ रक्कमही त्याच नावाने आलेली. नोटीस त्या कंपनीच्या नावाने काढली आणि १२ मार्चला गंगापूर रोडच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवली.

उत्तर २४ मार्चला आलं, वकिलामार्फत, चार ओळींचं. आमच्या अशिलांनी हा चेक दिलेला नाही, तो त्यांच्या खात्याचा नाही, आणि तुमच्याकडून त्यांनी पेट्या घेतलेल्या नाहीत. उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. चेक कंपनीने काढलेलाच नव्हता. हातात दहा दिवस उरले होते.

इथे जे चुकलं ते शोधण्यात चुकलं नाही, जुळवण्यात चुकलं. कंपनी खरोखर होती, सापडलेली माहितीही बरोबर होती. पण ब्रँडच्या शब्दावरून सुरुवात केली की तो शब्द वापरणारे जितके असतील तितके सगळे समोर येतात, आणि त्यातला जो सर्वांत ‘कंपनीसारखा’ दिसतो त्यावर नजर थांबते. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शेपूट बघून माणसाला वाटतं, हेच पूर्ण नाव आणि पाटीवरचं त्याचं छोटं रूप. एकाच घरात प्रोप्रायटरशिप आणि कंपनी शेजारीशेजारी चालवणं आपल्याकडे अगदी सर्रास आहे: जमीन आणि पॅकहाउस एका भावाच्या नावावर, निर्यात कंपनीच्या नावावर, ब्रँड वडिलांच्या नावावर. शब्द तिघांचा एकच.

बिलावरचा नंबर

खरा धागा स्वतःच्याच बिलावर होता. पेट्यांचं बिल करताना कारखान्याच्या मालकाने पॅकहाउसच्या सुपरवायझरला फोन केला होता.

“दादा, बिल कुणाच्या नावाने करू?”

“साहेब, मी जीएसटी नंबर पाठवतो, त्यावरच करा. नाव पाटीवरचंच टाका.”

त्याप्रमाणे बिलावर पाटीवरचं नाव आणि खाली पंधरा अक्षरी जीएसटी नंबर. नाव चुकीचं असलं तरी नंबर बरोबर होता, आणि नंबर नावासारखा लवचीक नसतो. तो असा वाचायचा. इथे खऱ्या अक्षरांच्या जागी X आणि आकड्यांच्या जागी 0 घातले आहेत:

```
27 XXXPX0000X 1 Z X
```

पहिले दोन आकडे राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या करदात्याचा पॅन जसाच्या तसा. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात घेतलेली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं बहुतेक ठिकाणी Z, आणि शेवटचं तपासणीचं. आपल्या कामाचं आहे सहावं अक्षर, म्हणजे पॅनमधलं चौथं. तिथे P असेल तर करदाता एक व्यक्ती आहे. C असेल तर कंपनी. F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, T म्हणजे ट्रस्ट. पॅनचं पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर असतं, इतरांच्या बाबतीत संस्थेच्या नावाचं.

बिलावरच्या नंबरात सहावं अक्षर P होतं. संगणकही उघडायची गरज नव्हती: हा नंबर कोणत्याही प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा असूच शकत नाही. पाचवं पॅन-अक्षर ब्रँडच्या शब्दाशी नव्हे, मालकाच्या आडनावाशी जुळत होतं. १२ मार्चची नोटीस लिहिण्याआधी बिलाकडे अर्धा मिनिट बघितलं असतं तर ती कंपनीच्या पत्त्यावर गेली नसती.

तरी खात्री पोर्टलवरच करायची. जीएसटीच्या साइटवर Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडून नंबर टाकला की लॉगइन न करता माहिती दिसते. त्यात दोन ओळी एकाखाली एक येतात आणि सगळं प्रकरण त्या दोन ओळींत आहे. Legal Name of Business समोर मालकाचं स्वतःचं नाव होतं, पॅनकार्डावर असतं तसं. Trade Name समोर पाटीवरचं नाव. Constitution of Business समोर Proprietorship. स्थिती Active. व्यवसायाचा मुख्य पत्ता दिंडोरी रस्त्यावरच्या पॅकहाउसचा.

या दोन ओळींची किंमत सारखी नसते, आणि बऱ्याच जणांना नेमकं हेच माहीत नसतं. वरची ओळ पॅनच्या नोंदीवरून पडताळलेली असते, नोंदणी करणाऱ्याला ती मनाने लिहिता येत नाही. खालची ओळ त्याने स्वतः सांगितलेली असते. तेच ट्रेड नेम दुसऱ्या कुणाचं आहे का हे जीएसटी नोंदणीत कुणी बघत नाही. त्यामुळे एकाच शहरात एकाच नावाचे कितीतरी ‘ट्रेडर्स’ आणि ‘एंटरप्रायझेस’ असतात, प्रत्येकाचा पॅन वेगळा. कंपनीच्या नावाचं तसं नाही. कंपनी नोंदवताना आधीच्या कंपन्यांच्या नावांशी ते फार मिळतंजुळतं नाही ना हे तपासलं जातं. पण ती तपासणी पाट्यांशी होत नाही. म्हणून पाटीवरच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलेली कंपनी सहज निघू शकते, कधी त्याच घरातली, कधी पूर्णपणे परकी.

एक खबरदारी. शेवटचं तपासणीचं अक्षर फक्त नंबर लिहिताना चूक झालेली नाही एवढंच दाखवतं. नंबर चालू आहे का, त्या पत्त्याचा आहे का, हे पोर्टलवरच कळतं. रद्द झालेल्या नंबरावरही कायदेशीर नाव दिसतं, पण मग बिलाची तारीख आणि रद्द झाल्याची तारीख ताडून बघावी लागते.

चेक आणि आगाऊ रक्कम

जीएसटीमुळे पेट्या कुणाला विकल्या ते कळलं. नोटीस मात्र चेक काढणाऱ्याला जायची, आणि हे दोघे वेगळे असू शकतात. इथे चेकच्या उजव्या कोपऱ्यात पाटीवरचं नाव आणि खाली ‘प्रोप्रायटर’ असं छापलेलं होतं. कंपनीच्या चेकवर तिथे कंपनीचं पूर्ण नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट आणि खाली ‘डायरेक्टर’ किंवा ‘ऑथोराइज्ड सिग्नेटरी’ असं असतं, भागीदारीच्या चेकवर ‘पार्टनर’. ‘ऑथोराइज्ड सिग्नेटरी’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, तो शब्द सगळेच वापरतात. पण ‘प्रोप्रायटर’ हा शब्द स्पष्ट आहे. प्रोप्रायटरशिप ही मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्तीच नाही. पाटी म्हणजे मालकाने अंगावर घेतलेलं दुसरं नाव, दुसरा माणूस नव्हे.

हा फरक चेकच्या खटल्यात फार बोचतो. चेक कंपनीचा असेल तर संचालकांवर तक्रार करताना कंपनीलाही आरोपी करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट केलं. चेक प्रोप्रायटरचा असेल तर तो माणूस हाच आरोपी, कंपनीचा तिथे संबंधच येत नाही. एकाच्या जागी दुसरा घातला तर दुरुस्ती करायला बहुतेक वेळ हातात उरत नाही.

मग आगाऊ ५०,००० कंपनीच्या खात्यातून कसे आले? पॅकहाउसच्या मालकाच्या धाकट्या भावाने निर्यातीच्या कंपनीच्या मोबाइल बँकिंगमधून पाठवून दिले होते, एवढंच. पैसे कुठल्या खात्यातून आले यावरून खरेदी कुणी केली हे ठरत नाही. पुरावा म्हणून नोंद उपयोगी असते, पण ती एक खूण आहे, उत्तर नाही. असे पैसे आले की त्याच दिवशी पावतीवर कुणाच्या बिलापोटी, कुणाच्या खात्यातून हे लिहून ठेवणं बरं. या प्रकरणात ते लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच हिशेबनिसाला कंपनी जवळची वाटली.

ब्रँड कुणाचा

पेटीवरच्या ™ ने थोडा वेळ भरकटवलं. कारखान्याच्या मालकाचं म्हणणं पडलं की ज्याचा ब्रँड त्याचंच देणं. ™ हे चिन्ह कुणीही लावू शकतो, त्याला नोंदणी लागत नाही. ® मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येतं. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात Wordmark निवडून शब्द टाकता येतो, पण त्यासोबत वर्ग द्यावा लागतो. ताजी फळं ३१ व्या वर्गात येतात, बेदाणे २९ व्या, वाइन ३३ व्या, आणि व्यापारी सेवा ३५ व्या. वर्ग चुकला तर शब्द नोंदलेला असूनही सापडत नाही. शब्दाचं स्पेलिंग नक्की नसेल तर Phonetic हा पर्याय उच्चारावरून शोधतो.

३१ व्या वर्गात अर्ज सापडला आणि Proprietor समोर नाव होतं वडिलांचं. म्हणजे एका शब्दामागे तीन कायदेशीर नावं: थोरल्या भावाचं पेट्या घेणारा आणि चेक देणारा म्हणून, कंपनीचं निर्यातदार म्हणून, वडिलांचं ब्रँडचा धनी म्हणून. ट्रेडमार्कच्या नोंदवहीतल्या Proprietor चा जीएसटीतल्या Proprietorship शी काही संबंध नाही, हेही सांगायला हवं, कारण दोन्ही शब्द एका टेबलावर आले की गोंधळ हमखास. पहिला म्हणजे चिन्हाचा मालक, आणि तो कंपनीही असू शकतो. दुसरा म्हणजे एकट्या माणसाचा धंदा. ब्रँडचा धनी मालाच्या उधारीचा देणेकरी होत नाही.

कंपनी निर्यातदार आहे हे कशावरून? वेबसाइटच्या तळाशी निर्यातीचा आयईसी क्रमांक दिला होता. जीएसटी आल्यापासून दिलेले आयईसी क्रमांक पॅनच असतात, तेव्हा तेच चौथं अक्षर इथेही वाचता येतं. ते C होतं. एकाच वेबसाइटवर आयईसी कंपनीचा आणि ‘आमचं पॅकहाउस’ म्हणून फोटो भावाच्या जागेचा. ‘ग्रुप’ या शब्दाला तर कायद्यात काही आकारच नाही. ‘ग्रुप’, ‘इंडस्ट्रीज’, ‘कॉर्पोरेशन’, ‘अँड कंपनी’ हे शब्द कोणत्याही पाटीवर लागू शकतात आणि त्यातून कायदेशीर रूप कळत नाही. ‘लिमिटेड’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ मात्र कंपनी नसताना लावता येत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली त्याला दिवसागणिक दंड आहे.

हेच गणित मोठ्या नावांत

नाशिककरांना हे समजावून सांगायला घरचंच उदाहरण आहे. मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे, आणि सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस अजून ‘मी मायकोत होतो’ असंच सांगतो. मायको हे कायदेशीर नाव कधीच नव्हतं. ते मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड या नावाचं आखूड रूप, आणि पुढे ब्रँड. २००८ साली कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं. आता तिचा सीआयएन बघा:

```
L85110KA1951PLC000761
```

सुरुवातीचा L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर तिथे U येतो. पाच आकडे उद्योगाच्या वर्गवारीचे. KA म्हणजे नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकात, कारखाना सातपूरला असला तरी. 1951 हे स्थापनेचं वर्ष, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड (प्रायव्हेटला तिथे PTC असतं), आणि शेवटी नोंदणी क्रमांक. नाव २००८ मध्ये बदललं, पण वर्ष १९५१ चंच राहिलं. नाव बदललेल्या कंपनीची ओळख पटवायला ही सर्वांत भरवशाची खूण. एखादी कंपनी ‘पन्नास वर्षांची परंपरा’ सांगते आणि सीआयएनमध्ये चार वर्षांपूर्वीचं साल दिसतं तेव्हा परंपरा ब्रँडची आहे, कंपनीची नाही, एवढं लगेच कळतं.

उलटी बाजूही याच नावात आहे. बॉशचा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेतलं आणि तक्रार करायची म्हणून बॉश लिमिटेडला पत्र लिहिलं तर पत्ता चुकला. घरगुती उपकरणं भारतात बीएसएच हाउसहोल्ड अप्लायन्सेस मॅन्युफॅक्चरिंग प्रायव्हेट लिमिटेड ही वेगळी कंपनी विकते. दारावरचा शब्द तोच, कंपन्या दोन. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचं तर तिसरंच. करन्सी नोट प्रेस हे नाव पाटीवर, लोकांच्या तोंडी, टपालावर सगळीकडे आहे, पण त्या नावाची कंपनी शोधली तर मिळणार नाही. ते सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचं एक युनिट आहे, शेजारची इंडिया सिक्युरिटी प्रेसही तशीच.

दुसरी नोटीस

प्रकरणाकडे परत. २५ मार्चला वकिलांनी सगळे कागद टेबलावर घेतले आणि एका बाजूला फक्त नंबर लिहिले: बिलावरचा जीएसटी, चेकवरचा खाते क्रमांक, आयईसी, सीआयएन. नावं मुद्दाम बाजूला ठेवली. नंबरांच्या रांगेत लगेच दोन गट पडले. P असलेला पॅन, पॅकहाउसचा पत्ता, चेकवरचा ‘प्रोप्रायटर’ एका गटात. C असलेला आयईसी, सीआयएन, गंगापूर रोडचा पत्ता दुसऱ्यात.

जीएसटीच्या साइटवर एक शोध आणखी केला. Search by PAN मध्ये मालकाचा पॅन टाकला, तो जीएसटी नंबरातच होता. त्या पॅनवर घेतलेल्या सगळ्या नोंदण्या समोर येतात. या माणसाच्या महाराष्ट्रात दोन निघाल्या, दुसरी शेतीच्या अवजारांच्या दुकानाची, वेगळ्या ट्रेड नेमखाली. प्रोप्रायटर एकच असल्याने दुकान, पॅकहाउस आणि घर, सगळं मिळून देणं एकाच माणसाचं. वसुलीच्या दाव्यात हे कामाला येतं. नोटिशीला ते लागणार नव्हतं, तरी वकिलांनी टिपून ठेवलं.

नोटिशीवरचं नाव असं लिहिलं: आधी माणसाचं पूर्ण नाव, पोर्टलवरच्या कायदेशीर नावाच्या स्पेलिंगनुसार. मग ‘प्रोप्रायटर,’ आणि त्यापुढे पाटीवरचं नाव. मग पॅकहाउसचा पत्ता, आणि दुसरी प्रत राहत्या घराच्या पत्त्यावर. नुसतं पाटीवरचं नाव लिहून चाललं असतं का? प्रोप्रायटरवर त्याच्या धंद्याच्या नावाने दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३० नियम १० मध्ये तशी सोय आहे. पण त्या नावाने तो स्वतः दावा लावू शकत नाही. सातपूरच्या कारखान्यालाही म्हणून दावा मालकाच्या नावानेच करावा लागला असता. फौजदारी तक्रारीत तर माणूसच लागतो. दोन्ही नावं लिहिली की वादाला जागा राहत नाही. नावाआधी लावायचं ‘मेसर्स’ किंवा ‘मे.’ हा नावाचा भाग नाही, शोधतानाही ते गाळायचं, नाहीतर काही ठिकाणी उत्तरच येत नाही.

दुसरी नोटीस २७ मार्चला निघाली, ३० मार्चला पोचली. पैसे द्यायला तिथून १५ दिवस, म्हणजे १४ एप्रिलपर्यंत.

जिथे हा मार्ग अडतो

जीएसटी नंबर हातात होता म्हणून हे अर्ध्या तासात उलगडलं. जीएसटीच्या साइटवर नावावरून शोध घेता येत नाही, नंबर किंवा पॅनच लागतो. तो बिलावर नसेल तर पॅकहाउसला जाऊन पाटी बघावी. जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने जीएसटी नंबर दर्शनी पाटीवर आणि प्रमाणपत्र आत दिसेल असं लावायचं असतं. कंपनीच्या पत्रव्यवहारात तर कंपनी कायद्याच्या कलम १२ खाली पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन छापावंच लागतं. गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही. लेटरहेडवर सीआयएन नसेल तर एक शक्यता अशी की लिहिणारी कंपनीच नाही.

नोंदणीच नसलेल्या छोट्या धंद्यात चेक आणि बँक खातं एवढेच आधार उरतात. भागीदारीत गोष्ट आणखी वेगळी. पॅनमधला F फर्म आणि एलएलपी दोघांनाही असतो, तेव्हा Constitution of Business ही ओळ बघूनच फरक करावा. एलएलपीची माहिती कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीसारखीच मिळते, साध्या भागीदारी फर्मची तिथे मिळणार नाही. तिच्यासाठी राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे जावं लागतं, आणि फर्मची नोंदणी ऐच्छिक असल्याने तिथेही ती असेलच असं नाही.

स्पेलिंगचा त्रास तर सगळीकडे आहे. कायदेशीर नाव रोमन लिपीतलं असतं आणि आपण ते मराठीतून परत रोमनमध्ये ओढतो. श्रीचं Shree, Shri, Sri होतं, लक्ष्मीचं Laxmi आणि Lakshmi, आणि आपल्या गावाचंच Nashik आणि Nasik. जुन्या नावांत Nasik बरंच सापडतं. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर एका स्पेलिंगने काही मिळालं नाही म्हणजे कंपनी नाही असं समजू नये; नावातला एखादाच वेगळा, न बदलणारा शब्द टाकून बघावं आणि मग पत्ता आणि साल यांवरून छाटणी करावी.

पैसे ११ एप्रिलला आले. बँकेच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव बघितलं तर पुन्हा ‘प्रायव्हेट लिमिटेड’. या वेळी हिशेबनिसाने पावतीवर दोन ओळी लिहिल्या: रक्कम अमुक कंपनीच्या खात्यातून जमा, अमुक व्यक्ती, प्रोप्रायटर, यांच्या अमुक क्रमांकाच्या बिलापोटी. पावती दोघांनाही पाठवली, आणि ऑर्डर घ्यायच्या फॉर्मवर ‘पार्टीचं नाव’ या रकान्याच्या आधी ‘जीएसटी नंबर’ हा रकाना आणला.